दोघंही नोकरीत, मग घरकाम वाटायचं कसं? (फ्रिजवरचा पॉइंटवाला तक्ता सोडून सांगा)

राधिका_सुदामानगर

नमस्कार मंडळी, इथले धागे नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. आम्ही दोघं आणि मुलगी दुसरीत. मी बँकेत, सकाळी साडेनऊला निघते ते यायला सात. नवरा आयटीत, ऑफिस सुपर कॉरिडॉरला, दुपारची शिफ्ट, म्हणजे बाराला निघतो आणि रात्री साडेदहाच्या आत काही येत नाही. भांडी आणि झाडू-पोछ्याला बाई आहे, एकदाच येते सकाळी. बाकी सगळं आमचं आम्ही.

ऑफिसातल्या एकीने सांगितलं म्हणून फ्रिजवर तक्ता लावला. पोळ्या 5 पॉइंट, भाजी 4, कपडे मशीनला लावणं 1, वाळत घालणं 2, घड्या 3, नर्मदेचं पाणी भरणं 3, कचरा गाडीला नेणं 1, आणि रविवारी बेरीज. सुरुवातीला मजा वाटली मग दोघांची वकिली सुरू झाली. परवा नवरा बादल्या घेऊन खाली गेला, ओल्या कचऱ्यात दुधाच्या पिशव्या होत्या, गाडीवाल्याने बादली तशीच परत दिली, मग संध्याकाळी हात घालून मी ते वेगळं केलं आणि दुसऱ्या दिवशी कचरा गेला. आता तो 1 पॉइंट कोणाचा? यावर आमचं रात्री साडेअकरापर्यंत चाललं, हसू नका. तो म्हणतो मी दोनदा जिना उतरलो, मी म्हणते हात माझे घाण झाले.

तर विचारायचं हे की मोजामोजी न करता कामं बरोबर वाटता येतात का? की ज्यांच्याकडे वाटलेली आहेत त्यांच्याकडे पण आतून हिशेब चालूच असतो?

भिया_इंदौरी

ताई पॉइंट कशाला, मिनिटं मोजा ना. पोळीला 5 आणि घडीला 3 हे ठरवलं कोणी, भांडण तिथेच आहे. मिनिट म्हणजे मिनिट, त्यात वाद नाही. सरकारचा 2024 चा टाइम यूज सर्व्हे आहे ना, त्यात बायकांची घरकामाची दिवसाला 289 मिनिटं आणि पुरुषांची 88. म्हणजे तुमच्यासारख्या नोकरीवाल्या बाईवर पण पावणेपाच तास पडतात. दोघांची मिनिटं लिहा, बेरीज करा, अर्धी अर्धी, मामला खतम. आम्ही दोघं भाऊ दुकानाचा वेळ असाच वाटतो, कधी खटका नाही.

विजयनगरची_मेधा

राधिका, मला वाटतं सरळ संध्याकाळी पण एक बाई लाव. किंवा भांड्यांना मशीन घे, आमच्या बिल्डिंगमध्ये दोघींकडे आहे, कढई काही त्यात नीट निघत नाही म्हणतात पण बाकीचं होतं. आणि कोणाला विजयनगर किंवा स्कीम 54 ला पोळ्यांना येणारी बाई माहीत असेल तर मला मेसेज करा प्लीज, आमची गावी गेली ती आलीच नाही.

राधिका_सुदामानगर

मेधाताई भांड्यांचा प्रश्नच नाहीये, ती बाई घासते. आणि दुसरी बाई लावली तरी ती न आल्यावर फोन कोणी करायचा, पगार कोणी द्यायचा, तिला काय सांगायचं हे कोणी बघायचं? तेही माझ्याकडेच येणार.

रामबागवाल्या_काकू

राधिका, तू मेधाला जे उत्तर दिलंस ना त्यातच तुझा प्रश्न आहे, तक्त्यात तो कुठेच नाही. मी कॉलेजात गृहविज्ञान शिकवायचे, घरातल्या कामांची नोंद ठेवायला मुलींना सांगायचे तेव्हा दर वर्षी हेच दिसायचं. हाताने केलेलं काम वहीत यायचं आणि डोक्यात चाललेलं सुटायचं.

आधी भियाचं. बाबा रे, तुझे आकडे बरोबर आहेत पण ते सहा वर्षांवरच्या सगळ्या बायका-मुलींचे आहेत, त्यातही त्या दिवशी ज्यांनी घरकाम केलं त्यांची सरासरी. घरी असणाऱ्या आणि नोकरीवाल्या सगळ्या त्यात एकत्र, त्यामुळे राधिकाची पावणेपाच तास होतात असं त्यातून निघत नाही. आणि मिनिटात सगळं मावतही नाही. पाण्याची मोटर चालू करायला अर्धं मिनिट लागतं, पण त्या अर्ध्या मिनिटासाठी पहाटे साडेपाचला उठावं लागतं. ते अर्धं मिनिट आणि रविवारी दुपारी टीव्ही बघत घातलेल्या घड्यांचं अर्धं मिनिट सारखं कसं धरणार?

आता राधिका, तुम्ही दोघं एक करा. एकमेकांना न दाखवता कागदावर लिहा की घरातलं किती टक्के काम मी करतो किंवा करते. मग बेरीज करा. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी 1979 मध्ये नवरा-बायकोच्या जोड्यांना असंच विचारलं होतं, बहुतेक जोड्यांची बेरीज शंभराच्या वर गेली. कोणी खोटं बोलत नव्हतं, आपण केलेलं आपल्याला बारीकसारीक आठवतं आणि दुसऱ्याचं निम्मं दिसतच नाही. म्हणून पॉइंट लावा नाहीतर मिनिटं, दोघांनाही आपणच जास्त करतोय असं वाटणार. बेरीज किती आली ते इथे सांग, मग पुढचं बोलू.

दांडियाबाजारकर

बडोद्याहून. आमचं उलटं आहे, स्वयंपाक मी करतो कारण मला आवडतो आणि माझं ऑफिस जवळ. पण बायको मागे उभी राहते. कांदा एवढा बारीक का नाही, कढी फाटेल गॅस कमी कर, ओट्यावर पाणी किती. शेवटी एक दिवस मी म्हटलं तूच कर मग, आणि तिने केलं, आणि नंतर वर तीच म्हणते की सगळं मीच करते. बायकांनी पण यावर लिहा जरा, नुसतं नवरे करत नाहीत असं नसतं.

सुपरकॉरिडॉरवाला

नमस्कार, मी राधिकाचा नवरा. तिने धागा दाखवला त्यामुळे मला पण खातं उघडावं लागलं. काकू, लिहिलं आम्ही. तिने 75 लिहिले मी 45. बेरीज 120.

माझी बाजू सांगतो. पाणी मीच भरतो. कचरा मीच नेतो. मुलीला बसपर्यंत मीच सोडतो. गाडी धुणं, लाइटबिल, इंटरनेट, सिलेंडर सगळं मी. आणि तरी घरात आल्यावर ऐकायला मिळतं की तुला सांगितल्याशिवाय काही होत नाही. अरे सांगितल्यावर करतो ना, नाही कुठे म्हणतो?

राधिका_सुदामानगर

हो पण पाणी "भरतो" म्हणजे काय ते पण लिही की. आमच्याकडे एक दिवसाआड नर्मदा येते. आज येणार की उद्या हे लक्षात मी ठेवते. अलार्म माझ्या मोबाइलवर. अलार्म वाजला की मी ह्याला हलवते, हा उठून मोटर लावतो आणि परत झोपतो, टाकी भरून पाणी गच्चीवरून पडायला लागलं की मी परत उठवते. माठ मी भरते. मागे दोन वेळा सलग पाणी आलं नाही तेव्हा पार्षदाच्या ऑफिसला फोन करून टँकर मी मागवला, बँकेतून, काउंटरवर गर्दी असताना. तक्त्यात मात्र पाणी 3 पॉइंट, नाव ह्याचं.

भिया_इंदौरी

हाहा, भिया पकडे गए.

रामबागवाल्या_काकू

हसू नको भिया, तो खोटं बोलत नाहीये. त्याला पाणी म्हणजे मोटर एवढंच दिसतं, आणि ते तो खरंच करतो.

आता नीट ऐका दोघं. कुठल्याही कामाला मागे-पुढे शेपूट असतं. आधी लक्षात यावं लागतं, मग कसं करायचं ते ठरवावं लागतं, मग हाताने करायचं, आणि शेवटी झालं का ते बघायचं. तुमच्याकडे हाताने करायचा तुकडा वाटलाय आणि बाकीचे तीन राधिकाकडे राहिलेत. म्हणून तिला 75 वाटतात. तिला वाटतं ते बरोबरच आहे असं मी म्हणत नाही, पण ते कुठून येतं ते हे.

तेव्हा कामं कमी-जास्त करण्याआधी एवढंच करा. एक काम घ्या आणि ते शेपटासकट एकाकडे द्या. पाणी द्या नवऱ्याला. म्हणजे आज पाण्याचा दिवस आहे का हे त्याने लक्षात ठेवायचं, अलार्म त्याच्या मोबाइलवर आणि त्याच्याच उशाशी, मोटर लावायची, हौदातून वर चढवायची, पडायच्या आत बंद करायची, माठ आणि फिल्टर भरायचा, टाकी धुवायची वेळ झाली की माणूस बोलवायचा, आणि नळ आले नाहीत तर पार्षदाकडे किंवा टँकरवाल्याला फोनही त्यानेच. राधिकाने त्या पहाटे उठायचं नाही, जागी झाली तरी. "पाणी आलं का रे" हे पण विचारायचं नाही.

काम खरंच त्याच्याकडे गेलं की नाही ते ओळखायची खूण सोपी आहे. त्याच्या त्या कामाची तुला आठवण करून द्यावी लागते का? लागत असेल तर काम अजून तुझंच आहे, तो फक्त हमाली करतोय.

राधिका_सुदामानगर

आणि त्याने विसरला अलार्म तर? दोन दिवस पाणी नाही, मुलीची शाळा, माझं ऑफिस.

रामबागवाल्या_काकू

विसरेल. एकदा तरी विसरेलच. तेव्हा टँकर तो बोलवेल, पैसे जातील, त्या सकाळी दोघं बादलीभर पाण्यात आंघोळ कराल. तू धावून सावरलंस की काम परत तुझ्याकडे. पण ही सूट पाणी, कपडे, किराणा, कचरा असल्याच कामांना. मुलीचं औषध, गॅस बंद करणं, शाळेतून आणणं यात "चुकू दे, शिकेल" चालत नाही, तिथे सुरुवातीला दोघांचं लक्ष असलेलं बरं.

सुपरकॉरिडॉरवाला

मंजूर. पण मग तिने पण मधे यायचं नाही. दांडियाबाजारकर दादा म्हणतात ते आमच्याकडे पण आहे. मी कपडे वाळत घातले की ती येऊन परत सारखे करते, शर्ट उलटा का नाही घातला म्हणून. मग मी घालायचंच सोडलं.

दांडियाबाजारकर

बघा!

रामबागवाल्या_काकू

हे अगदी खरंय, आणि बायकांना पटत नाही. काम दिलं म्हणजे करायची पद्धतही दिली. मात्र "कसंही केलं तरी चालेल" असंही नाही, ते आधी बसून ठरवायचं की कमीत कमी काय झालं म्हणजे काम झालं. कपड्यांचं असं ठरवा: गणवेश आणि दोघांचे ऑफिसचे कपडे रविवारी रात्री कपाटात तयार पाहिजेत, रंग जाणारे वेगळे धुवायचे. बस. शर्ट उलटा की सुलटा, घडी चार पदरी की तीन, यात दुसऱ्याने बोलायचं नाही. कचऱ्याचं: गाडीवाल्याने बादली परत करता कामा नये, म्हणजे दुधाच्या पिशव्या, सॅनिटरी, जुने सेल सगळं आपापल्या डब्यात. ज्याच्याकडे कचरा, त्यानेच वेगळा करायचा. तुमचा तो 1 पॉइंटचा खटला असा निघालाच नसता.

ही कमीत कमीची रेघ दोघांच्या मधे कुठेतरी पडते. तुला ओटा चकचकीत लागतो आणि त्याला पुसलेला पुरतो, तर चकचकीचा भाग तुझा शौक धर, तो कामात मोजू नको. मला माहितीय हे वाचून राग येईल.

लष्करवाली

काकू राग आलाच थोडा :) कारण घर अस्वच्छ दिसलं की पाहुणे नाव बायकोलाच ठेवतात, नवऱ्याला कोणी बोलत नाही. मग तो शौक कसा?

आमचं ग्वाल्हेरचं सांगते. सासूबाई आमच्याजवळ असतात. नवरा भांडी घासायला उभा राहिला की त्या उठून येतात, गुडघे दुखत असताना, आणि त्याच्या हातातून घेतात. काही बोलत नाहीत, नुसत्या घासतात. मग मलाच लाज वाटते आणि मी घेते. शेपटासकट काम द्यायचं ठीक आहे पण आमच्याकडे देणारे दोघं आणि घेणारे तीन.

रामबागवाल्या_काकू

पाहुण्यांचं तू म्हणतेस ते बरोबर आहे, ते माझ्या हिशेबात बसत नाही. तो जास्तीचा भार खराच असतो आणि तो बाईवरच पडतो. घरात ठरवून तेवढा भाग सुटत नाही.

सासूबाईंचं: त्यांच्या डोळ्यासमोरचं काम त्याला देऊ नका, निदान आत्ता. भांडी सोडा, त्याला किराणा द्या. डाळ संपत आली हे बघण्यापासून यादी, आणणं, डबे भरणं, हिशेब, सगळं. त्यात त्यांना उठून यायला जागा कमी. आणि आईशी बोलायचं काम त्याचं, तुझं नाही. पण त्याने बोलूनही त्या ऐकतील याची खात्री मी देत नाही.

भिया_इंदौरी

काकू एक शंका. शेपूट-बिपूट ठीक पण समजा ताईंकडे सहा कामं आणि भियाकडे चार, मग बरोबर झालं की नाही हे कळणार कसं? कुठेतरी मोजावंच लागेल ना. मी मिनिटं म्हटलं तर तुम्ही मला बाद केलं.

रामबागवाल्या_काकू

पूर्ण बाद नाही केलं रे. मिनिटं मोजायचीच तर कामाची नको, मोकळ्या वेळेची बघ. आठवड्यात दोघांना हात रिकामे, डोकं रिकामं असा वेळ साधारण सारखा मिळतो का? एक जण सोफ्यावर आणि दुसरा ओट्याजवळ असं रोज दिसत असेल तर यादी कितीही सारखी असो, वाटणी बिघडलेली आहे. त्याला घड्याळ लागत नाही.

आणि आणखी एक बघायचं. काही कामं वेळेला बांधलेली असतात: डबा, पाणी, शाळेची बस, रात्रीचं जेवण. काही कधीही करता येतात: बिलं, गाडी धुणं, सिलेंडर, घड्या. राधिकाच्या नवऱ्याची यादी परत वाच. त्याची निम्मी कामं कधीही करायची आहेत, राधिकाची जवळजवळ सगळी घड्याळाला बांधलेली. संख्या सारखी असली तरी दमणूक सारखी नाही.

सुपरकॉरिडॉरवाला

हे मला पहिल्यांदा नीट कळलं. काल रात्री बसून आम्ही असं काढलं, काकू बघा बरं.

माझी सकाळ बारापर्यंत घरीच असते, तिची पळापळीची. म्हणून सकाळ पूर्ण माझी: पाणी, मुलीला उठवणं, तिचा डबा, बस, बाई आली की तिचं बघणं, कचरा. डबा म्हणजे आदल्या रात्री काय द्यायचं ठरवण्यापासून. पोळ्या मला गोल येत नाहीत, मुलगी म्हणाली चालेल, पराठे आणि पोहे येतात. संध्याकाळ पूर्ण राधिकाची: मुलीचा अभ्यास, रात्रीचं जेवण, दोघांचे दुसऱ्या दिवशीचे डबे भाजीपुरते. कपडे माझे, रविवारी. किराणा आणि भाजी तिची कारण येताना वाटेवर मंडी आहे. बाईचा पगार आणि सुट्ट्या माझ्याकडे. बिलं तर आहेतच. मुलीच्या शाळेचे मेसेज ज्या ग्रुपवर येतात त्यात आता मी पण आहे, आणि सोमवार ते शुक्रवार उत्तर मी द्यायचं.

अडलं ते नातेवाईकांवर. लग्न-मुंजी, कोणाला काय द्यायचं, कोणाचा वाढदिवस, सासरचे-माहेरचे फोन. ते कोणालाच नको आहे.

राधिका_सुदामानगर

मी म्हटलं आपापल्या बाजूचं आपण. तो म्हणतो त्याच्या आईला माझाच फोन लागतो. ते तसंच ठेवलंय सध्या.

आणि बाईचं त्याला दिलं तर त्याने पहिल्याच आठवड्यात तिला दिवाळीचा बोनस आधीच कबूल केला, माझ्याशी न बोलता. मी गप्प बसले. कठीण आहे हो काकू गप्प बसणं.

रामबागवाल्या_काकू

वाटणी चांगली आहे. एक शंका फक्त, आठवड्यातल्या कुठल्या रात्री तुला पूर्ण सुट्टी आहे? त्याची शिफ्ट असल्यामुळे संध्याकाळ रोज तुझीच, तर शनिवार-रविवारची संध्याकाळ त्याने घ्यावी. बोनस हजाराच्या आत-बाहेर असेल तर जाऊ दे, पण अमुक रकमेवरचा खर्च दोघांनी मिळून, हे आता ठरवा.

मांजलपूरची_सई

मधेच येतेय. मी पण बँकेत. हे सगळं मार्चमध्ये कोसळतं. वर्षाखेरीला रात्री नऊ-नऊ वाजतात, नवरा सगळं करतो, मग एप्रिलमध्ये मला वाटतं आता मी भरपाई करायला पाहिजे आणि तो पण तसंच वागतो. हिशेब तिथून शिरतो. तुम्ही काय करता?

रामबागवाल्या_काकू

सई, मार्चचं कर्ज एप्रिलमध्ये फेडायला गेलीस की खातेवही आलीच. त्यापेक्षा फेब्रुवारीतच वाटणी बदला, मार्चपुरती. काय काय त्याच्याकडे जातं आणि काय सरळ बंद ठेवायचं ते ठरवा. रात्रीची भाजी-पोळी बंद, खिचडी किंवा बाहेरचं. इस्त्री बाहेर. जाळी-जळमटं एप्रिलमध्ये. दोघं मिळून काम कमी करतात तेव्हा एकावर उपकार होत नाहीत. आणि 1 एप्रिलला ज्याची कामं त्याच्याकडे परत, न विचारता.

मांजलपूरची_सई

आमच्याकडे 1 ला नाही होणार, ऑडिट लागतं. 15 एप्रिल धरते. आणि खिचडी रोज म्हटल्यावर नवरा काय म्हणतो ते विचारून सांगते.